टेबलाच्या अलीकडे लहान, पलीकडे मोठे

मे महिना आला की मोहल्ल्यातल्या शाळांच्या कार्यालयांत अर्जांचे गठ्ठे जमायला लागतात. अनुदानित शाळांमधली शिक्षक भरती पवित्र पोर्टलच्या वाटेने जाते. स्वयंअर्थसहाय्यित शाळा मात्र आपली माणसं आपणच जाहिरात देऊन, मुलाखत घेऊन निवडतात. त्या गठ्ठ्यात एखादा अर्ज असा निघतो की तो हातात घेणारा खुर्चीत सावरून बसतो. अनुभव ३४ वर्षं, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापक म्हणून. ५८ व्या वर्षी निवृत्ती झाली, तब्येत ठणठणीत आहे, घरात करमत नाही, म्हणून साध्या सहशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज.

आणि टेबलाच्या अलीकडे कोण? चाळिशीतले विषयप्रमुख, पस्तिशीतल्या पर्यवेक्षिका बाजी आणि संस्थेचे एक सदस्य, ज्यांचा मेडिकल स्टोअरचा धंदा आहे. तिघांच्या नोकरीची वर्षं एकत्र केली तरी समोरच्या सरांशी जेमतेम बरोबरी होते. आपल्याकडे उस्तादाचं नाव घेतलं तरी आवाज खाली येतो. अशा माणसाला 'तुम्ही वर्गात कसं शिकवता?' हे विचारायचं कोणत्या तोंडाने?

गेली काही वर्षं आम्ही अशा निवड समित्यांवर बसतो आहोत. शाळेत हे फार ठळक दिसतं, पण दवाखान्यासाठी अनुभवी नर्स निवडणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंना किंवा वडिलांच्या कारखान्यात जुना सुपरवायझर घेणाऱ्या मुलालाही हाच पेच पडतो. म्हणून या वेळी त्याबद्दल थोडं सविस्तर.

बिचकलेली समिती ओळखायला फार वेळ लागत नाही. ती स्वतःच बोलत राहते. 'सर, तुम्हाला काय विचारणार, तुम्ही तर आमच्यासारख्यांना घडवलंत,' इथून सुरुवात होते. मग शाळेचा इतिहास, मग दोन्हीकडच्या ओळखी, मग चहा. चाळीस मिनिटांनी सर उठतात तेव्हा समितीच्या हातात त्यांच्या वर्गाबद्दल एक ओळही नसते. हा सत्कार झाला, मुलाखत नव्हे. मग 'एवढा मोठा माणूस आहे, घेऊन टाका' म्हणून तरी घेतात, नाही तर 'आपल्याला झेपणार नाही' म्हणून सोडून तरी देतात. दोन्ही निर्णय सरांना न तपासताच झालेले असतात.

त्याच भीतीचं दुसरं तोंड जास्त कुरूप असतं. काही जण बिचकले की ताठ होतात. सरांना बाहेर तासभर बसवायचं, आत आल्यावर नव्या शैक्षणिक धोरणातलं एखादं कलम तोंडपाठ विचारायचं, उत्तर अडलं की एकमेकांकडे बघायचं. त्यातून कळतं एवढंच की सरांनी ते कलम पाठ केलेलं नाही. सहावीच्या मुलांना त्यांच्याकडून गणित समजेल की नाही, हे त्यातून कसं कळणार?

दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. आपण या माणसाचं मोजमाप करायला बसलो आहोत, असं समितीला वाटत असतं. ३४ वर्षांच्या माणसाचं मोजमाप करण्याची आपली लायकी नाही, हे मनातून पटलेलं असतं, आणि ते खरंही आहे. पण ते काम कुणी सांगितलेलंच नसतं. समितीने एका जागेसाठी एक माणूस बघायचा असतो, आणि त्या जागेबद्दल समोरच्या सरांपेक्षा समितीला नक्की जास्त माहीत असतं. सहावीच्या वर्गात मुलं किती, त्यातल्या कितींना अजून भागाकार येत नाही, विषयप्रमुख दर महिन्याला काय बघतात, पालक सभेला कोण भांडतं, हे सरांना माहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे. तुमची खुर्ची या माहितीवर टेकलेली आहे.

म्हणून तयारी जागेपासून सुरू करावी. अर्ज उघडण्याआधी तिघांनी बसून लिहावं की ही व्यक्ती जूनपासून सप्टेंबरपर्यंत नेमकं काय करणार आहे. 'उत्तम शिक्षक हवा' हे लिहिणं नव्हे. आम्ही मागे एका गणिताच्या जागेसाठी लिहिलं होतं ते असं : उर्दू माध्यमाच्या सहावी आणि सातवीला गणित, आठवड्याला ३० तासिका, वर्ग दुसऱ्या मजल्यावर, पहिल्या महिन्यात मागे पडलेली मुलं शोधून त्यांची वेगळी नोंद, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी दर पंधरवड्याला, विषयप्रमुख महिन्यातून एकदा वर्गात येऊन बसणार. यातून चार गोष्टी निघाल्या : समजावण्याची हातोटी, मुलाची चूक पकडून तिच्यावर काम करणं, नोंदी ठेवणं आणि सहकाऱ्यांबरोबर जमवून घेणं. प्रत्येकीसाठी एक प्रश्न आणि पाच गुण. शेवटचा मजकूर सगळ्यांत महत्त्वाचा : एक गुण कशाला, तीन कशाला, पाच कशाला, हे आधीच एकेका ओळीत लिहून ठेवलं. चुकीवर काम करण्याबाबत आमची ओळ होती : 'चूक सांगून बरोबर उत्तर देतो' याला एक, 'चूक कुठे झाली ते दाखवतो' याला तीन, 'मुलाने तसा विचार का केला हे शोधून मुलालाच चूक दिसेल असं काहीतरी करतो' याला पाच.

हा कागद असला की बिचकणं निम्मं कमी होतं. डोळे सरांच्या पांढऱ्या दाढीवरून कागदावर येतात, आणि कागदाला कुणाचं वय माहीत नसतं.

हे आमच्या शाळेपुरतं शहाणपण नाही. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नोकरभरतीवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. माणूस नोकरीत पुढे कसं काम करेल, हे नुसत्या अनुभवाच्या वर्षांवरून फारसं सांगता येत नाही. सगळ्यांना तेच प्रश्न आणि ठरलेले गुण अशा मुलाखतीवरून बरंच जास्त सांगता येतं, असं त्यात निघालं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच आकडे पुन्हा तपासले. बऱ्याच पद्धतींचे आकडे खाली आले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत यादीच्या वरच्या टोकालाच राहिली. याचा अर्थ अनुभव निरुपयोगी असा नाही. वर्षांची संख्या आणि त्या वर्षांत हाताला लागलेलं कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अर्जात दिसते. दुसरी विचारावी लागते.

एक गोष्ट मुलाखतीच्या आधीच मिटवून टाकावी. कागदपत्रं. 'सरांकडे अनुभवाचा दाखला कसा मागायचा?' हा संकोच आम्ही खूप ठिकाणी पाहिला. शाळेच्या क्लार्कने सगळ्या उमेदवारांना एकच यादी फोनवर सांगायची : पदव्या, सेवेचा दाखला, आधीच्या शाळेतल्या कुणाचा तरी संपर्क. आणि पगार किती, हेही त्याच फोनवर. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला मुलाखतीच्या शेवटी पगाराचा आकडा ऐकवणं यासारखी दुसरी अवघड वेळ नाही. आकडा आधी कळलेला असला आणि तरी ते आले, तर निदान तेवढा प्रश्न त्यांनी स्वतः सोडवलेला असतो.

आता त्या दिवसाकडे येऊ. वर सांगितलेल्या गणिताच्या जागेसाठी शेवटी तीन उमेदवार राहिले. त्यातले एक हे सर. दुसऱ्या होत्या चार वर्षं शिकवलेल्या एक तरुण शिक्षिका. तिसऱ्या उमेदवाराने आदल्या दिवशी दुसरीकडे नोकरी पत्करली. समितीत आम्ही, पर्यवेक्षिका बाजी आणि संस्थेचे सदस्य. पहिलीच अडचण अशी की सदस्य भाई स्वतः शाळेत असताना याच सरांचे विद्यार्थी होते. आपल्या गावांत हे होणारच. एका शहरात एकच जुनी उर्दू शाळा असते आणि अर्धा मोहल्ला एकाच उस्तादाच्या हाताखालून गेलेला असतो. यावर लपवाछपवी करण्यापेक्षा उघड बोलणं सोपं पडतं. भाईंनी आधीच सांगितलं, मी बसेन, शाळेच्या व्यवहाराचे प्रश्न असतील तर बोलेन, पण या दोघांनाही गुण देणार नाही. दोघांनाही म्हणजे दोघांनाही. फक्त आपल्या उस्तादांना गुण न देणं पुरेसं नव्हतं, कारण मग दोन उमेदवार दोन वेगळ्या तराजूत पडले असते.

आधी वर्गात पाठ ठेवला होता, वीस मिनिटांचा, खऱ्या सहावीच्या मुलांपुढे. विषय दोघांना एकच, चार दिवस आधी कळवलेला : वेगवेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज. ज्येष्ठ माणसाला पाठ घ्यायला सांगणं हे अनेकांना अपमानासारखं वाटतं. आमचा अनुभव उलटा आहे. वर्गात शिरल्यावर सर आपल्या घरी आल्यासारखे दिसतात; टेबलापुढच्या खुर्चीतच ते अवघडतात. अपमान तेव्हा होतो, जेव्हा पाठ फक्त त्यांच्याकडून घेतला जातो किंवा आयत्या वेळी सांगितला जातो.

सरांचा फळा मोत्यासारखा. कसर म्हणजे काय, शुमार कुनिंदा कुठला, नसब नुमा कुठला, हे त्यांनी इतक्या साफ उर्दूत सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प बसून ऐकत होती. मग त्यांनी १/२ + १/३ फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, किती? एक मुलगी म्हणाली, २/५. सर म्हणाले, 'नहीं बेटा,' आणि छेद समान करून ५/६ काढून दाखवलं. पायरी न पायरी अचूक. वर्गाने उतरवून घेतलं. पाठ संपला.

आमच्या कागदावर 'समजावणं' याला चार पडले. 'चुकीवर काम' याला एक. पेन थोडं थांबलंच. ३४ वर्षांच्या माणसाला एक गुण? पण एक गुण कशाला, ही ओळ आठवड्यापूर्वीच लिहिलेली होती आणि घडलं ते तंतोतंत तेच होतं. तो गुण सरांना नव्हता, त्या दीड मिनिटाला होता.

मुलाखत सुरू करताना आम्ही एक वाक्य ठरवून ठेवतो. 'सर, शिकवण्याचा तुमचा अनुभव आम्हा तिघांपेक्षा मोठा आहे. आज आम्ही सगळ्या उमेदवारांना तेच चार प्रश्न विचारतो आहोत, तेच तुम्हालाही विचारू. मध्ये मध्ये नोंदी घेऊ, त्याबद्दल माफ करा.' जे खोलीतल्या प्रत्येकाला दिसतंय ते एकदा मोकळेपणाने बोलून टाकलं की त्याचा भार उतरतो. पण एकदाच. दर प्रश्नाआधी 'तुमच्यासमोर आम्ही काय' लावत बसलं की समोरचा माणूसही आपल्याला धीर देण्याच्या भूमिकेत शिरतो, आणि मग मुलाखत तेच घेतात.

ज्येष्ठ उमेदवारांच्या उत्तरांची एक खोड असते; ती समजून घ्यावी, तिला लबाडी समजू नये. ते तत्त्वं सांगतात. 'मागे पडलेल्या मुलांसाठी काय करता?' असं विचारलं तेव्हा सर म्हणाले, 'विद्यार्थी हा केंद्रबिंदू. शिक्षकाने मायेने घेतलं की प्रत्येक मूल शिकतं.' वर्षानुवर्षं सभांमधून, शिक्षक दिनाच्या भाषणांतून बोलून ही वाक्यं जिभेवर बसलेली असतात. ऐकायला इतकी भारदस्त की मान डोलते आणि समिती पुढच्या प्रश्नाकडे जाते. इथेच थांबायला हवं. आम्ही म्हटलं, 'सर, असं एखादं एकच मूल सांगा. नाव नको. कोणत्या इयत्तेतलं, काय येत नव्हतं?'

सर थोडे थांबले. ही शांतता समितीला जड जाते; कुणीतरी घाईने 'म्हणजे तसं नाही, साधारण सांगा' असं म्हणून सगळं विस्कटतं. मनातल्या मनात दहापर्यंत मोजावं. सरांनी सातवीतला एक मुलगा सांगितला, ज्याला वजाबाकीत हातचा घेता येत नव्हता. मग सांगितलं, 'आम्ही त्याच्यासाठी जादा तास ठेवले.' इथे दुसरी खोड : 'आम्ही'. या पानावर आम्हीही 'आम्ही' म्हणूनच लिहितो, त्यामुळे बोलायला तोंड नाही. पण मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाचं 'आम्ही' उलगडून घ्यावंच लागतं. अनेक वर्षं त्यांनी कामं करवून घेतलेली असतात, आणि करवून घेणं हेही कामच आहे, पण या जागेवर त्यांना स्वतः करायचं आहे. 'त्या जादा तासांत तुम्ही स्वतः काय केलं?' असं विचारल्यावर कळलं की तास एका तरुण शिक्षकाने घेतले होते. सरांनी वेळापत्रकात जागा काढली आणि पालकांना बोलावून समजावलं. उत्तर प्रामाणिक होतं. ते आम्ही जसंच्या तसं लिहून घेतलं.

मध्येच सरांनी विचारलं, 'तुम्ही किती वर्षं शिकवता?' अशा प्रश्नात प्रत्येक वेळी टोमणा असतोच असं नाही. बऱ्याचदा ती निव्वळ सवय असते, आयुष्यभर खुर्चीच्या त्या बाजूला बसल्याची. सफाई देऊ नये, विनोद करू नये. 'सतरा वर्षं, सर,' आणि लगेच, 'तर त्या मुलाचं पुढे काय झालं?' एवढंच. उत्तर लहान असलं की प्रश्नही लहान राहतो.

आपल्याला माहीत नसलेली गोष्ट ते बोलले तर? बोलणारच. तेव्हा मान हलवून समजल्यासारखं करू नये, कारण पुढची दोन मिनिटं आपलं सगळं लक्ष ते सोंग सांभाळण्यात जातं. 'हे आम्हाला नवीन आहे, वर्गात कसं करता ते सांगाल?' असं म्हणावं. ज्याला खरोखर येतं तो खुलून सांगतो, आणि ज्याने नुसता शब्द उचलला आहे तो दुसऱ्या शब्दाकडे सरकतो. हा फरक कळायला त्या विषयातलं ज्ञान लागत नाही.

मग आम्ही पाठाकडे वळलो. हा प्रश्न पाठ झाल्यावर दोन्ही उमेदवारांना विचारायचा असं आधीच ठरलं होतं : 'तुमच्या पाठात एका मुलाने चुकीचं उत्तर दिलं. त्याने ते कसं काढलं असेल?' सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, 'वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि तीन पाच. मुलं नेहमी हेच करतात.' आम्ही विचारलं, 'पुन्हा संधी मिळाली तर तिथे काय कराल?' सर खिडकीकडे बघत राहिले, आणि मग एकदम म्हणाले, 'तिला विचारेन, तुझ्याकडे अर्धी रोटी होती, तीत अजून मिळवली, तर अर्ध्यापेक्षा जास्त झाली पाहिजे ना? मग २/५ म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?'

फार सुंदर उत्तर. अर्धं म्हणजे पाचातले अडीच. दोन त्याहून कमी. बेरीज केली आणि रोटी लहान झाली! मुलीला स्वतःलाच चूक दिसली असती. इथे अनुभवाची वर्षं कसबात उतरलेली दिसली, आणि ती विचारल्याशिवाय दिसली नसती. 'चुकीवर काम' याचे गुण एकाचे तीन केले. पाच का नाही? कारण हे विचारल्यावर सुचलं. वर्गात, मुलीपुढे, ते घडलं नव्हतं. अशी वाढ केली तर कागदावर कारण लिहावं, नाही तर उद्या कुणी विचारल्यावर ते आदरापोटी वाढवल्यासारखं दिसतं.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. आपल्याहून लहान माणसाच्या हाताखाली काम करणं. हा प्रश्न बहुतेक समित्या गिळतात, किंवा 'तुम्हाला चालेल ना?' असा विचारतात, ज्याला 'का नाही?' याशिवाय उत्तर नसतं. आमचा प्रश्न होता : 'वयाने किंवा पदाने लहान असलेल्या सहकाऱ्याने तुमच्या कामातली उणीव दाखवली, असा एखादा प्रसंग सांगा. तुम्ही काय केलं?' तरुण उमेदवारालाही हाच. उत्तरात प्रसंग आला आणि त्यानंतर काही बदललं, तर चांगलं. 'असं कधी झालंच नाही' हे उत्तर आलं तर काळजीचं कारण आहे, कारण ३४ वर्षांत उणीव नसते असं होत नाही. ती दाखवायची कुणाची हिंमत झाली नसावी. सरांनी संगणकावर निकालपत्रक करताना एका शिपायाच्या मुलाने चूक दाखवल्याचा किस्सा सांगितला, हसत. त्यानंतर ते त्याच्याकडूनच शिकले. चार गुण.

एक विचारायचं नाही ते म्हणजे, 'या वयात दगदग झेपेल का?' वयावर बोट ठेवण्याऐवजी काम सांगावं : ३० तासिका, दुसरा मजला, लिफ्ट नाही, सकाळी पावणेआठची शाळा. आणि गप्प राहावं. सरांनी स्वतःच विचारलं, 'सलग किती तासिका येतील?' आम्ही खरं सांगितलं, तीन. त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं.

दार बंद झाल्यावर लगेच चर्चा सुरू करू नये. आम्ही आणि बाजींनी आपापले गुण आधी लिहिले, मग कागद एकमेकांपुढे ठेवले. हे एवढ्यासाठी की 'क्या बात है सरांची' हे वाक्य आधी कुणी उच्चारलं की दुसऱ्याचं पेन आपोआप वर सरकतं. दोघांची सरासरी काढली तेव्हा वीसपैकी सरांना चौदा, तरुण शिक्षिकेला पंधरा. एका गुणाचा फरक म्हणजे फरकच नाही. दुसऱ्या दिवशी मुलाखत घेतली असती तर तो उलटाही पडला असता. अशा वेळी बेरजेवर निर्णय करणं म्हणजे कागदामागे लपणं. आम्ही पुन्हा जागेच्या यादीकडे गेलो. सहावी-सातवी, मागे पडलेली मुलं. या एका कलमात सरांना तीन होते, त्यांना पाच. त्यांच्या पाठातही एका मुलाने २/५ सांगितलं होतं. त्यांनी त्याला फळ्यावर बोलावून दोन सारख्या पट्ट्या काढायला लावल्या होत्या, एकीचा अर्धा भाग रंगव, दुसरीचा तिसरा, आता दोन्ही तुकडे एका पट्टीत बसव. मुलगा पट्टी जवळजवळ भरलेली बघून स्वतःच म्हणाला, 'बाजी, ये तो आधे से बहुत ज़्यादा है।' समजावण्याच्या सफाईत त्या सरांच्या मागे होत्या, फळाही गिचमिड. आठवीची जागा असती तर आम्ही कदाचित सरांनाच घेतलं असतं. जागा सहावीची होती.

सदस्य भाईंचा चेहरा उतरला. मोहल्ल्यात बोललं जाणार हे उघड होतं : चार वर्षांच्या मुलीला घेतलं आणि उस्तादांना परत पाठवलं. भाई म्हणाले, निदान पत्र पाठवा, फोन नको. आम्हाला ते पटलं नाही. अशा माणसाला नकार कळवायचा तर तो समितीतल्या कुणीतरी, त्याच आठवड्यात, स्वतःच्या आवाजात कळवावा. क्लार्कमार्फत नाही, आणि 'तुम्ही आमच्या शाळेसाठी फार मोठे आहात' असं गुळगुळीत तर मुळीच नाही. ते खरं नव्हतं, आणि सरांना ते खरं नाही हे कळलं असतं.

फोन आम्ही केला. सलाम झाला, तब्येत विचारली, आणि मग सरळ सांगितलं : 'सर, या जागेला आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. सहावीच्या मुलांच्या चुका वर्गातच धरून त्यांच्यावर काम करणं याला आम्ही सगळ्यांत जास्त महत्त्व दिलं, त्यात त्या पुढे होत्या. तुमचं समजावणं आम्ही तिघांनी फार मन लावून ऐकलं.' पलीकडे थोडी शांतता. मग सरांनी विचारलं, आवाजात राग नव्हता, 'ती २/५ वाली मुलगी, तिला नंतर कुणी विचारलं का, तिने ते कसं काढलं?'

विचारलं होतं. सरांनी सांगितलं तसंच तिने काढलं होतं.